अनेक क्रमवार याद्या एकत्र करताना हीप काय करतो आणि वेळ n log k का येतो

आपल्याजवळ k याद्या आहेत, प्रत्येक यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली आहे आणि सगळ्या याद्यांमधले घटक मिळून n भरतात, असे धरू. या सर्वांची मिळून चढत्या क्रमाची एकच यादी तयार करायची आहे. मेमरीत मावणार नाही एवढी मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी क्रमवार लावून शेवटी ते तुकडे जोडताना हे काम करावे लागते, आणि अनेक सर्व्हरवरच्या नोंदी वेळेच्या क्रमाने एकत्र वाचायच्या असल्या तरी हेच काम असते. पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते: हीप वापरा, वेळ O(n log k) लागतो. त्या सूत्रात log च्या आत n न येता k का येतो, हे मात्र बहुतेक वेळा वाचकावरच सोडून दिले जाते, आणि खरी समजूत तिथेच आहे.

सुरुवात एका साध्या निरीक्षणापासून करू. अंतिम यादीतला सर्वांत लहान घटक कुठे सापडेल? प्रत्येक यादी चढत्या क्रमाने असल्यामुळे तो कोणत्या तरी यादीच्या अगदी तोंडाशीच असला पाहिजे. यादीच्या मध्यावर किंवा शेवटी असलेल्या घटकाच्या आधी त्याच यादीतला, त्याच्याहून लहान किंवा त्याच्याएवढा घटक असतोच, त्यामुळे मधल्या घटकांचा विचार करण्याची गरज नसते. म्हणजे पहिल्या जागेसाठी उमेदवार n नसून फक्त k आहेत. त्यातला एक उचलला की त्या यादीतला पुढचा घटक तोंडाशी येतो आणि दुसऱ्या जागेसाठी पुन्हा जास्तीत जास्त k उमेदवार उरतात. शेवटच्या घटकापर्यंत ही स्थिती बदलत नाही.

आता उरतो एवढाच प्रश्न, की k उमेदवारांतला सर्वांत लहान कोण हे प्रत्येक वेळी कसे ठरवायचे. दर वेळी सगळ्यांकडे नजर टाकायची म्हटले, तर एका घटकासाठी k − 1 तुलना होतात आणि एकूण काम n × k च्या घरात जाते. यात वाया जाते ती आधी मिळवलेली माहिती. मागच्या फेरीत k उमेदवारांपैकी फक्त एकच बदललेला असतो, बाकीचे k − 1 जिथल्या तिथेच असतात, आणि त्यांची आपापसांतली तुलना आपण आधीच केलेली असते. हीप ही माहिती अर्धवट स्वरूपात सांभाळून ठेवतो. ती पूर्ण सांभाळायची, म्हणजे उमेदवार कायम क्रमाने लावून ठेवायचे, तर नवा घटक मध्ये घालताना बरीच सरकवासरकव करावी लागते. अजिबात सांभाळली नाही, तर दर वेळी सगळे नव्याने पाहावे लागते. हीप या दोन टोकांच्या मधोमध बसतो.

हीपची रचना १९६४ मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी हीपसॉर्टसोबत मांडली. तिचा नियम एकच आहे: झाडाच्या प्रत्येक गाठीतला घटक तिच्या दोन्ही अपत्यांतल्या घटकांहून मोठा नसतो. भावंडांमध्ये कोण लहान आणि कोण मोठा, याबद्दल नियम काहीही बोलत नाही. त्यामुळे सर्वांत लहान घटक नेहमी शिखरावर सापडतो, पण दुसऱ्या क्रमांकाचा घटक शिखराच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. झाड पातळीपातळीने पूर्ण भरलेले असल्यामुळे ते साध्या ॲरेमध्ये ठेवता येते. घरांची मोजणी शून्यापासून केली, तर i क्रमांकाच्या घराची अपत्ये 2i + 1 आणि 2i + 2 या घरांत असतात. k घटकांच्या अशा झाडात शिखरापासून तळापर्यंत जास्तीत जास्त log₂ k पायऱ्या असतात.

एक उदाहरण हाताने सोडवून पाहू

चार याद्या घेऊ, प्रत्येकीत तीन घटक. म्हणजे k = 4 आणि n = 12.

```
अ:  3  14  27
ब:  5   6  31
क:  2  19  20
ड:  8   9  10
```

प्रत्येक यादीचा पहिला घटक ॲरेत ओळीने ठेवला, तर 3अ, 5ब, 2क, 8ड अशी मांडणी मिळते. प्रत्येक आकड्यासोबत यादीचे नाव ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण घटक बाहेर काढल्यावर त्याची जागा कोणत्या यादीतून भरायची हे त्यावरूनच कळते. या मांडणीचा हीप करताना तळाकडून वर यायचे असते. 5 आणि त्याचे एकमेव अपत्य 8 यांची तुलना केली, तर काही बदलावे लागत नाही. मग शिखरावरचा 3: त्याची अपत्ये 5 आणि 2, त्यातला लहान 2, आणि तो 3 पेक्षाही लहान, म्हणून त्यांची अदलाबदल होते. तीन तुलनांत हीप तयार झाला: 2क, 5ब, 3अ, 8ड.

शिखरावरचा 2 बाहेर काढून निकालात लिहिला. तो क या यादीतला होता, म्हणून तिचा पुढचा घटक 19 थेट शिखरावर ठेवला. आता शिखराशी नियम मोडला आहे, आणि तो फक्त तिथेच मोडला आहे. शिखराच्या दोन अपत्यांतला लहान 3, तो 19 हून लहान, म्हणून 3 वर आला आणि 19 खाली गेला. 19 जिथे पोचला त्या घराला अपत्येच नाहीत, म्हणून काम थांबले. मांडणी झाली 3अ, 5ब, 19क, 8ड आणि तुलना झाल्या फक्त दोन.

पुढे 3 बाहेर पडला आणि अ यादीतला 14 शिखरावर आला. अपत्ये 5 आणि 19, लहान 5, म्हणून 5 वर गेला. 14 आता दुसऱ्या घरात आहे आणि त्याच्या खाली 8 आहे, तोही 14 हून लहान, म्हणून पुन्हा अदलाबदल झाली. मांडणी झाली 5ब, 8ड, 19क, 14अ. या वेळी घटक शिखरापासून तळापर्यंत गेला आणि तीन तुलना लागल्या. चार घटकांच्या हीपमध्ये याहून जास्त खर्च होऊच शकत नाही.

त्यानंतरचा टप्पा वेगळ्या कारणाने पाहण्याजोगा आहे. 5 बाहेर पडतो आणि ब यादीतला 6 शिखरावर येतो. अपत्ये 8 आणि 19, लहान 8, पण 6 त्याहून लहान आहे, म्हणून 6 शिखरावरच राहतो. एकाच यादीतले घटक लागोपाठ बाहेर पडू लागले की हीपला खाली उतरावेच लागत नाही. थोड्या वेळाने ड यादीतले 8, 9, 10 याच प्रकारे सरळ निघून जातात. O(n log k) ही वरची मर्यादा आहे, प्रत्येक वेळी तेवढा खर्च होतोच असे नाही, हे या टप्प्यावरून दिसते.

10 बाहेर पडल्यावर ड यादी संपते. आता शिखर भरायला त्या यादीत काहीच नाही, म्हणून हीपच्या शेवटच्या घरातला घटक, म्हणजे या वेळचा 31, शिखरावर आणायचा, हीपचा आकार एकाने कमी करायचा आणि नेहमीप्रमाणे खाली सरकवायचे. उरलेला हीप होतो 14अ, 31ब, 19क. यापुढे 14, 19, 20, 27 आणि 31 क्रमाने बाहेर पडतात, वाटेत क आणि अ याद्याही संपतात, आणि निकाल पूर्ण होतो: 2, 3, 5, 6, 8, 9, 10, 14, 19, 20, 27, 31.

सुरुवातीच्या तीन धरून एकूण तुलना २४ झाल्या. दर वेळी सगळ्या उमेदवारांकडे पाहण्याच्या साध्या पद्धतीने याच उदाहरणात २८ तुलना होतात. फरक अगदीच किरकोळ आहे, आणि तो तसाच असायला हवा. k चार असताना हीप वापरून फारसे काही साधत नाही. कित्येकदा दोन-चार याद्यांसाठी साधी पद्धतच प्रत्यक्षात जलद ठरते, कारण तिच्यात हलवाहलव नसते.

वेळेचा हिशेब

आता सर्वसाधारण हिशेब मांडू. k घटकांचा हीप तळाकडून वर बांधायला O(k) वेळ लागतो. त्यानंतर n घटक एकेक करून बाहेर पडतात आणि प्रत्येक वेळी शिखरावर एक घटक येऊन खाली सरकतो. खाली सरकण्याच्या पायऱ्या जास्तीत जास्त log₂ k असतात. प्रत्येक पायरीवर दोन तुलना होतात, एक भावंडांमधली आणि दुसरी लहान भावंडाची सरकणाऱ्या घटकाशी. म्हणून एका घटकाचा खर्च O(log k), n घटकांचा O(n log k), आणि बांधणी धरून एकूण O(k + n log k).

सुरुवातीच्या k कडे सहसा दुर्लक्ष केले जाते, कारण कोणतीही यादी रिकामी नसेल तर k हा n पेक्षा मोठा होऊच शकत नाही. मात्र बऱ्याच याद्या रिकाम्या असतील, तर त्या रिकाम्या आहेत हे पाहण्यासाठीसुद्धा प्रत्येकीला एकदा हात लावावा लागतो. लाखभर फाइलींपैकी शंभरांतच काही मजकूर असला, तर वेळ फाइली उघडण्यातच जातो आणि हीपचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो.

log च्या आत n का नाही, याचे उत्तर आता स्पष्ट व्हावे. हीपमध्ये कोणत्याही क्षणी n घटक नसतात, k च असतात. याद्या कितीही लांब झाल्या तरी झाडाची उंची वाढत नाही, फक्त त्यातून जाणाऱ्या घटकांची संख्या वाढते. जागेचा हिशेबही यातूनच निघतो: निकालाची यादी सोडली, तर जादा मेमरी O(k) लागते. सगळे घटक आधी हीपमध्ये टाकून मग एकेक काढणारा प्रोग्रॅम उत्तर बरोबरच देतो, म्हणून ही चूक चाचण्यांत पकडली जात नाही. पण त्याचा वेळ O(n log n) होतो, मेमरी O(n) होते आणि याद्या आधीच क्रमवार असल्याचा सगळा फायदा सोडून दिला जातो. चूक ओळखायची असेल, तर प्रोग्रॅम चालू असताना हीपचा आकार छापून पाहावा. तो k च्या वर कधीही जाता कामा नये.

मोठ्या आकड्यांवर हे तपासू. n दहा लाख आणि k एक हजार घेऊ, म्हणजे प्रत्येक यादीत हजार घटक. दर वेळी सगळ्या उमेदवारांकडे पाहणाऱ्या पद्धतीत जवळजवळ शंभर कोटी तुलना होतात. पहिल्या दोन याद्या जोडायच्या, मग त्यात तिसरी, मग चौथी, अशी साखळी केली तर सुरुवातीचे घटक पुन्हा पुन्हा नकलले जातात आणि एकूण सुमारे पन्नास कोटी घटक हलवावे लागतात. हजार घटकांच्या हीपमध्ये शिखरापासून तळापर्यंत ९ पायऱ्या असतात, म्हणजे एका घटकाला जास्तीत जास्त १८ तुलना आणि एकूण फार तर १.८ कोटी.

साखळीत दोष आहे तो दोन-दोन याद्या जोडण्याचा नसून त्या कोणत्या क्रमाने जोडल्या याचा आहे. हजार याद्यांच्या पाचशे जोड्या करून त्या जोडल्या, मग त्या पाचशेच्या अडीचशे, असे करत गेले तर दहा फेऱ्यांत काम संपते. प्रत्येक फेरीत प्रत्येक घटक एकदाच हलतो, म्हणजे एकूण एक कोटी हालचाली. हाही O(n log k) च आहे, आणि त्यात हीपच नाही. फरक असा, की या पद्धतीत सगळा डेटा दहा वेळा वाचून लिहावा लागतो, तर हीपमध्ये प्रत्येक घटक आत एकदा आणि बाहेर एकदा जातो. डेटा डिस्कवर असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय हीप पहिला घटक जवळजवळ लगेच देतो. याद्या जोड्याजोड्यांनी जोडताना पहिला घटक शेवटच्या फेरीपर्यंत हाती येत नाही, त्यामुळे फक्त पहिले शंभर घटक हवे असतील तर हीपच सोयीचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दहा लाख घटक सरसकट एकत्र करून मर्जसॉर्टने नव्याने लावले, तर log₂ n सुमारे २० असल्यामुळे घटकामागे फार तर वीसेक तुलना होतात. हीपच्या १८ च्या तुलनेत हे काही फार जास्त नाही. log₂ k सुमारे १० असूनही फायदा दिसत नाही, याचे कारण प्रत्येक पायरीवरच्या दोन तुलना. म्हणून जिथे तुलनाच महाग असते, उदाहरणार्थ लांबलचक मजकुराच्या नोंदी, तिथे हीपऐवजी हरलेल्यांचे झाड वापरतात. स्पर्धेच्या फेऱ्यांप्रमाणे त्यातल्या प्रत्येक गाठीत त्या सामन्यात हरलेला घटक नोंदवलेला असतो. नवा घटक आपल्या यादीच्या पानापासून वर चढतो आणि वाटेतल्या प्रत्येक गाठीशी एकदाच तुलना करतो. मार्ग ठरलेला असल्यामुळे भावंडांची आपापसांतली तुलना लागत नाही आणि हजार याद्यांसाठी घटकामागे दहा तुलना पुरतात.

याहून जलद करता येईल का

तुलना करूनच क्रम ठरवायचा असेल, तर सर्वांत वाईट परिस्थितीत n log k च्या खाली जाता येत नाही, निदान याद्या सारख्या लांबीच्या असताना तरी नाही. त्याची सिद्धता आपल्या छोट्या उदाहरणावरच पाहता येते. निकालात बारा जागा आहेत आणि प्रत्येक जागी चारपैकी कोणत्या तरी यादीतला घटक येतो. प्रत्येक यादीतले तीन घटक आपापसांत ठरलेल्या क्रमानेच येणार असल्यामुळे, कोणत्या जागी कोणती यादी हे सांगितले की निकाल पूर्ण ठरतो. असे प्रकार किती? 12! भागिले (3!)⁴, म्हणजे ३,६९,६००. एका तुलनेचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते, त्यामुळे एक तुलना शक्यतांचे फार तर दोन गट पाडते. अठरा तुलनांत 2¹⁸, म्हणजे २,६२,१४४ प्रकारच वेगळे ओळखता येतात आणि ते अपुरे पडतात. म्हणून कोणतीही पद्धत वापरली तरी निदान काही याद्यांसाठी १९ तुलना लागणारच. आपल्या हीपने २४ केल्या होत्या, म्हणजे सुधारणेला वाव फारच थोडा आहे. सर्वसाधारण n आणि k साठी याच मोजणीचा लॉगॅरिदम काढला की n log₂ k च्याच प्रमाणात वाढणारी संख्या मिळते.

ही सिद्धता सारख्या लांबीवर अवलंबून आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. एक यादी नऊ लाखांची आणि बाकीच्या एकेका घटकाच्या असतील, तर शक्य निकालांची संख्या खूपच कमी होते आणि हुशार पद्धतीला n log k हून बरेच कमी काम करता येते. हीपलाही अशा वेळी काही प्रमाणात आपोआप फायदा मिळतो, कारण लांब यादीतले घटक लागोपाठ बाहेर पडताना शिखरावरच राहतात आणि छोट्या याद्या संपत जातील तसा हीप आक्रसत जातो.

प्रोग्रॅम आणि त्यातल्या खाचाखोचा

पायथॉनमध्ये हे सगळे एवढ्याच ओळींत बसते:

```python
import heapq

def merge(lists):
    h = [(x[0], i, 0) for i, x in enumerate(lists) if x]
    heapq.heapify(h)
    while h:
        v, i, j = h[0]
        yield v
        j += 1
        if j < len(lists[i]):
            heapq.heapreplace(h, (lists[i][j], i, j))
        else:
            heapq.heappop(h)
```

`if x` ही अट रिकाम्या याद्या गाळते. ती विसरली तर `x[0]` पाशी `IndexError` येतो. `heapreplace` शिखर काढणे आणि नवा घटक ठेवणे ही दोन्ही कामे एकाच उतरणीत करते. त्याऐवजी आधी `heappop` आणि मग `heappush` असे लिहिले, तर उत्तर तेच येते, पण झाडात एकदा खाली आणि एकदा वर असे दुप्पट फिरावे लागते. सूत्रात हा फरक दिसत नाही, घड्याळात दिसतो.

हीपमधल्या प्रत्येक नोंदीत घटकानंतर लगेच यादीचा क्रमांक `i` ठेवला आहे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. दोन याद्यांतले घटक समान आले, तर पायथॉन नोंदीतला पुढचा भाग तुलनेला घेतो. तिथे यादीचा क्रमांक असल्यामुळे आधीच्या यादीतला घटक आधी बाहेर पडतो, म्हणजे समान घटकांचा मूळ क्रम टिकतो. दुसरे असे, की त्या जागी एखादा ऑब्जेक्ट किंवा डिक्शनरी ठेवली, तर समान घटक येईपर्यंत प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि मग `TypeError: '<' not supported` म्हणून कोसळतो. चाचणीच्या डेटात समान घटक नसले, तर ही चूक हमखास लपून राहते. यादीचा क्रमांक प्रत्येक नोंदीत वेगळा असल्यामुळे तुलना त्याच्या पुढे कधी जातच नाही.

संपलेल्या यादीच्या जागी अनंत मूल्य ठेवण्याची युक्तीही प्रचलित आहे. त्यामुळे हीपचा आकार k च राहतो आणि प्रोग्रॅम थोडा सुटसुटीत होतो, परंतु खऱ्या डेटात अनंत मूल्य येऊ शकत असेल, तर ते खरे की खुणेचे हे ओळखता येत नाही. शिवाय संपलेल्या याद्यांचा भार शेवटपर्यंत वाहावा लागतो. मला यादी संपल्यावर हीप लहान करणेच अधिक पसंत आहे.

सर्वांत त्रासदायक चूक मात्र प्रोग्रॅममध्ये नसून डेटात असते: एखादी यादी क्रमवार आहे असे सांगितलेले असते आणि ती तशी नसते. कधी एका फाइलीत आकडे मजकूर म्हणून लावलेले असतात, त्यामुळे 10 हा 9 च्या आधी येतो. कधी इंग्रजीतल्या लहान आणि मोठ्या अक्षरांचा क्रम ठरवणारे दोन वेगवेगळे नियम वापरून फाइली लावलेल्या असतात. हीपला यातले काहीच कळत नाही. तो कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचा निकाल देतो. यावर उपाय स्वस्त आहे. बाहेर पडणारा घटक त्याच्या आधी बाहेर पडलेल्या घटकापेक्षा लहान आहे का, एवढे दर वेळी तपासायचे. ही तपासणी कधीही फसत नाही, कारण समजा एखाद्या यादीत x नंतर त्याच्याहून लहान y आला, तर x बाहेर पडेपर्यंत y हीपमध्ये येतच नाही, आणि x बाहेर पडला तेव्हा तो हीपमध्ये सर्वांत लहान असल्यामुळे y आत येताच शिखरावर पोचतो आणि लगेच पुढचाच घटक म्हणून बाहेर पडतो. म्हणजे दोष कळतो, तो ताबडतोब कळतो, आणि त्या क्षणी शिखरावर असलेल्या नोंदीतला यादीचा क्रमांक हाच दोषी यादीचा क्रमांक असतो. घटकामागे एका जादा तुलनेत एवढे मिळत असेल, तर ती तपासणी कायम ठेवावी.

सगळ्या याद्या मेमरीत असतील, तर पायथॉनमध्ये त्या नुसत्या एकापुढे एक जोडून `sorted` ला देणे पुष्कळदा हीपपेक्षा जलद ठरते. त्यामागची टिमसॉर्ट ही पद्धत, जी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिली, आधीच क्रमवार असलेले सलग तुकडे ओळखते आणि फक्त तेच एकमेकांत जोडते. म्हणजे तीही अशा डेटावर n log k च्याच प्रमाणात काम करते, आणि तिचे आतले काम सी भाषेत होते. पायथॉनमध्ये याच कामासाठी तयार मिळणाऱ्या `heapq.merge` चा खरा उपयोग याद्या मेमरीत मावत नसतात किंवा एकेक नोंद येत राहते तेव्हा होतो.

डिस्कवरच्या फाइली जोडताना k कितीही मोठा घेऊन चालत नाही, जरी सूत्रातला log k तसे करायला खुशाल परवानगी देत असला तरी. प्रत्येक फाइलीसाठी वाचनाचा स्वतंत्र बफर लागतो. एक जीबी मेमरीत पाचशे फाइली उघडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण दोन एमबी येतात, आणि पन्नास हजार उघडल्या तर वीसेक केबी. बफर लहान झाला की डिस्कला जास्त वेळा इकडून तिकडे धावावे लागते आणि तुलनांच्या खर्चाला काही अर्थच उरत नाही. त्याआधीच ऑपरेटिंग सिस्टिमची उघड्या फाइलींची मर्यादा आडवी येऊ शकते. लिनक्सवर एका प्रोसेससाठी ती बहुधा 1024 असते आणि ओलांडली की `Too many open files` असा संदेश येतो. म्हणून जीएनयू `sort` एका वेळी मुळात फक्त १६ फाइली जोडते आणि त्याहून जास्त असल्या तर तात्पुरत्या फाइली करत अनेक फेऱ्यांत काम उरकते. हा आकडा बदलायचा असेल तर:

```
sort -m --batch-size=200 part-*.txt
```

दोनशे फाइली असतील, तर १६ च्या मर्यादेत डेटाचा बराच भाग दोनदा लिहावा लागतो, आणि ही मर्यादा दोनशे केली की एकदाच. अशा वेळी घटकामागे तीन-चार तुलना वाढतात खऱ्या, पण त्या मेमरीत होतात आणि त्यांच्या बदल्यात डिस्कवरची एक अख्खी फेरी वाचते.